व्ही वर्ग भागिले आर: घोळ कुठे होतो

१० मेगावॉट वीज थ्री-फेज लाइनने पाठवायची आहे, प्रत्येक तारेचा रोध ५ ओहम आणि पॉवर फॅक्टर १ धरा. ३३ केव्हीला प्रत्येक तारेत सुमारे १७५ अँपिअर वाहतात. तिन्ही तारांतला तोटा 3I²R, म्हणजे साधारण ४५९ किलोवॉट. तीच वीज १३२ केव्हीने पाठवली की करंट ४४ अँपिअरवर येतो आणि तोटा जेमतेम २९ किलोवॉट उरतो. व्होल्टेज चौपट, तोटा सोळावा हिस्सा.

पण तोटा V²/R असाही काढतात; मग व्होल्टेज वाढवला की त्या सूत्राने तोटा वाढायला नको का? नवखे इथेच हमखास अडकतात. त्या सूत्रातला V तारेच्या दोन टोकांमधला ड्रॉप असतो, लाइनचा व्होल्टेज नव्हे. ३३ केव्हीला तो प्रत्येक तारेत ८७५ व्होल्ट, १३२ ला फक्त २१९.