कुंडीतला कढीपत्ता : गळती, काठी आणि ताक

डिसेंबरपासून पानं पिवळी होऊन गळतायत. मी रोज न चुकता पाणी घालते. झाड मरतंय का? (पुणे)

बहुधा नाही. थंडीत कढीपत्ता वाढ थांबवतो आणि जुनी पानं टाकतो. मुळं तेव्हा पाणी फारसं ओढत नाहीत, म्हणून रोजचं पाणी घातक ठरतं. माती दोन पेरं खोल कोरडी लागली तरच पाणी द्या आणि खत बंद ठेवा. खोडाची साल नखानं किंचित खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर उन्हं तापू लागली की झाड फुटेल. काळपट आणि मऊ लागलं तर मूळ कुजायला लागलंय.

तीन वर्षांचं झाड कमरेएवढं झालंय, पण एकच काठी आणि टोकाला चार पानं. छाटायची भीती वाटते.

आधी ऊन बघा. पाच-सहा तास थेट ऊन मिळत नसेल तर कुंडी हलवा. सावलीत छाटलेलं झाड फुटायला फार वेळ लावतं आणि फुटलं तरी लुकडंच राहतं.

ऊन असेल तर फेब्रुवारीअखेर, थंडी ओसरल्यावर, मातीपासून फूटभर उंचीवर धारदार कात्रीनं सरळ कापा. काप पानाच्या जुन्या खुणेच्या जरा वर घ्या, कारण डोळा तिथेच असतो. शेंडा गेला की खालचे झोपलेले डोळे जागे होतात आणि तीन-चार आठवड्यांत दोन-तीन फुटवे दिसतात. ते वीतभर झाले की त्यांचेही शेंडे खुडा, म्हणजे प्रत्येकाला पुन्हा फांद्या येतात. छाटणी आणि कुंडीबदल मात्र एकाच वेळी नको.

फोडणीसाठी एकेक पत्ती तोडायची सवयही सोडा. दांड्यासकट अख्खं पान काढा, नाहीतर शेंडाच खुडून न्या. फुलं आली तर लगेच काढा. बिया धरण्यात झाडाची ताकद जाते.

दर आठवड्याला आंबट ताक घालतो, तरी नवी पानं पिवळी. शिरा मात्र हिरव्या. ताक कमी पडतंय का?

ताक वाढवू नका. नव्या पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर बहुतेक लोह मिळत नाहीये. पाणी बोअरचं आहे का? कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल तर क्षारांमुळे मातीतलं लोह मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोह लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम मिसळून, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा संध्याकाळी फवारा. जुनी पानं तशीच राहिली तरी चालेल, पुढची हिरवी आली की समजा काम झालं. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम.

याउलट खालची जुनी पानं उन्हाळ्यात सरसकट फिकट होत असतील तर नत्र कमी आहे. तेव्हा मार्च ते सप्टेंबर महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत मातीत कालवा. ताक द्यायचंच तर दसपट पाण्यात, महिन्यातून एकदा. घट्ट ताक मातीवर साय धरतं, वास मारतं आणि चिलटं येतात.