दोन रेघा सोबत वर गेल्या म्हणून नळ्या काढू नका

प्रश्न: पेपरातल्या आलेखाचा फोटो टाकतोय. 2009 ते 2019. एक रेघ ठिबकखालच्या क्षेत्राची, दुसरी विहिरींतल्या पाण्याच्या खोलीची, दोन्ही सारख्याच वर चालल्यात. वडील म्हणतात ठिबकामुळंच पाणी खोल गेलं, नळ्या गोळा करा अन् पाटानं पाणी द्या. यावल तालुका, केळी आहे. वडिलांचं बरोबर आहे का?

उत्तर:

दादा, नळ्या काढू नका. निदान या आलेखाच्या भरवशावर तरी नको. असाच एक आलेख आमच्या पाणी गटात आला होता आणि त्यापायी आमचा एक उन्हाळा वाया गेला. म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधीच सांगतो, मी भूजलाचा तज्ज्ञ नाही. अकरावी-बारावीला गणित-संख्याशास्त्र शिकवलं आणि केळी केली, एवढ्या जोरावर बोलतोय.

दोन गोष्टी सोबत वाढल्या म्हणजे एकीनं दुसरी वाढवली असं होत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच, नाहीतर प्रश्न पडला नसता. त्यामुळं ते पुन्हा सांगत नाही. या फोटोत नेमकं काय पाहायचं ते सांगतो.

फोटोत डाव्या बाजूला बारीक अक्षरात "एकूण क्षेत्र" लिहिलंय. म्हणजे अनुदान सुरू झाल्यापासून आजवर जेवढ्या शेतांना ठिबक मिळालं, त्या सगळ्यांची बेरीज. ही बेरीज कधीच खाली येऊ शकत नाही. कुणाच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या, कुणी केळी मोडून कापूस लावला, तरी कागदावरचं क्षेत्र तेवढंच राहतं. अशी रेघ वर जाणार हे ती काढायच्या आधीच ठरलेलं असतं. तिच्याशेजारी दुसरी कोणतीही वाढती गोष्ट ठेवा, गावातल्या मोटरसायकली ठेवा, जोडी जमणारच.

शिवाय उजवीकडची पट्टी वेगळी आहे आणि ती शून्यापासून सुरू होत नाही. दोन पट्ट्या असल्या की आलेख काढणारा त्या खेचून दोन्ही रेघा एकमेकींवर बसवू शकतो. तुमच्या फोटोत त्या चिकटून चालल्यासारख्या दिसतात, तो चिकटपणा पट्ट्या निवडण्यातून आलाय, पाण्यातून नाही.

आता हिशेब. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कोणत्याही तालुक्याचे नाहीत. सलग सहा वर्षं धरा. ठिबकखालचं एकूण क्षेत्र, शंभर हेक्टरच्या मापात: 10, 14, 19, 23, 28, 32. मे महिन्यातली पाण्याची खोली, मीटरमध्ये: 9, 11, 10, 13, 15, 14. एक्सेलमध्ये पहिली ओळ B मध्ये आणि दुसरी C मध्ये, दोन्ही उभ्या, दुसऱ्या रांगेपासून भरा आणि लिहा:

```
=CORREL(B2:B7,C2:C7)
```

1 आलं तर दोन्ही ओळी अगदी सोबत चालतात, 0 आलं तर सोबत चालत नाहीत. उत्तर येईल 0.90. कुणीही पाहून म्हणेल, विषयच संपला. पण आता दरवर्षी किती बदल झाला तो काढा. म्हणजे या वर्षातून मागचं वर्ष वजा:

```
D3:  =B3-B2
E3:  =C3-C2
=CORREL(D3:D7,E3:E7)
```

D3 आणि E3 सातव्या रांगेपर्यंत खाली ओढा. ठिबकाचे बदल येतात 4, 5, 4, 5, 4. खोलीचे बदल येतात 2, −1, 3, 2, −1. आणि संबंध येतो उणे 0.24. म्हणजे 0.90 होतं ते जवळपास पुसलं गेलं. ज्या वर्षी ठिबक जास्त वाढलं त्या वर्षी पाणी जास्त खोल गेलं, असं या आकड्यांत कुठंच दिसत नाही. पाणी मात्र काही वर्षी दोन-तीन मीटर उतरतं आणि काही वर्षी मीटरभर वर येतं. असं झालं की त्या वर्षांचा पाऊस शेजारी मांडायचा, पहिला संशय त्याच्यावर. आपल्याकडं 2018 ला राज्यात 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि 2019 ला पाऊस चांगला झाला. तुमच्या आलेखातली खोलीची रेघ शेवटच्या वर्षी किंचित वळलीय, ठिबकाची वळलेली नाही. ही दोन वर्षं मोठी करून पाहा.

सोबत वाहणाऱ्या दोन आकड्यांचा हा फसवा संबंध नवा नाही. 1926 साली उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञानं इंग्लंड-वेल्सचे 1866 ते 1911 चे आकडे घेऊन दाखवलं होतं की चर्चमधल्या लग्नांचं प्रमाण आणि मृत्युदर यांचा संबंध 0.95 इतका येतो. दोन्ही आकडे त्या काळात घसरत होते, एवढंच कारण. लग्नं चर्चमध्ये केली म्हणून कुणी मरत नव्हतं.

एक सावधगिरी. वर्षावर्षाचा फरक काढण्याची पद्धत हळूहळू होणारा परिणाम दाखवत नाही. ठिबकाचा परिणाम आठ-दहा वर्षांनी दिसणारा असेल तर तो या हिशेबातून निसटेल. दहा-अकरा बिंदूंवरून पक्कं काही ठरत नाही, ना वडिलांच्या बाजूनं ना माझ्या. त्यामुळं "ठिबकाचा काहीच संबंध नाही" असं मी म्हणत नाही. हा आलेख ते सांगू शकत नाही, एवढंच म्हणतो.

आता वडिलांना विचारा: तुमच्याकडं ठिबक आधी आलं की पाणी आधी कमी पडलं? आमच्या भागात तरी बोअर आटायला लागल्यावर लोकांनी नळ्या टाकल्या. पाटानं केळीला पुरत नव्हतं म्हणून ठिबक आलं. म्हणजे बाण उलटा आहे, पाणी खोल गेलं हे कारण आणि ठिबक हा परिणाम. आलेखावर दोन्ही बाजूंचा बाण अगदी सारखाच दिसतो. म्हणून गावातल्या चार-पाच जुन्या शेतकऱ्यांना वर्षं विचारा. कोणत्या साली विहिरीत आडवे बोअर मारले, कोणत्या साली मोटर खाली सोडली, कोणत्या साली नळ्या आल्या. क्रम कळला की निम्मं कळतं.

आता आमचं सांगतो. आमच्या गटानं ठिबकाचा एकत्र प्रस्ताव दिला होता. त्याच आठवड्यात पेपरात असाच आलेख आला. ज्या कार्यालयात प्रस्ताव होता तिथं साहेबांनी ते कात्रण फाइलीला लावलं आणि म्हणाले, ठिबकानं पाणी खोल चाललंय हे छापून आलंय, थांबा. मी विचारलं, हे आकडे कुठल्या विहिरींचे, कोणत्या महिन्याचे? उत्तर आलं, "पेपरात आलंय ना." ज्यांच्याकडं विहिरींच्या नोंदी असायला हव्यात, तेच मला पेपर दाखवत होते. दुसऱ्या टेबलावर गेलो तर तेही तेच कात्रण. या धावपळीत गटातल्या काहींनी धीर सोडला, आधीच्या नळ्या गोळा केल्या आणि पाटानं पाणी दिलं. मे मध्ये त्यांच्याच विहिरी आधी बसल्या, केळीची कांदेबाग करपली, घड वजनाला भरले नाहीत. त्याचा राग आजही आहे. त्या माणसांचं नुकसान कुणी भरून दिलं नाही.

नंतर माहितीच्या अधिकारात विहीरवार नोंदी मागितल्या. त्या मिळाल्या तेव्हा खरी गोष्ट कळली. वहीत काही निरीक्षण विहिरींपुढं नुसतं "कोरडी" लिहिलेलं होतं, आकडा नाही. सरासरी काढताना त्या गाळल्या गेल्या. आणि मधल्या काळात काही उथळ विहिरींच्या जागी खोल बोअर घेतले होते. बोअरची पातळी पहिल्याच वर्षी उथळ विहिरीपेक्षा कितीतरी खाली. म्हणजे सरासरी ज्या वर्षी झपकन उतरली, त्या वर्षी पाणी उतरलं नव्हतं, मोजायच्या जागा बदलल्या होत्या. शेवटपर्यंत टिकलेल्या विहिरी तेवढ्या वेगळ्या काढल्या तर उतार होताच, पण पेपरात दाखवला तेवढा नव्हता. म्हणून तुमच्या आलेखाबाबत हाच प्रश्न पहिला विचारा: पहिल्या वर्षीच्या विहिरी आणि शेवटच्या वर्षीच्या विहिरी त्याच आहेत का?

वडिलांच्या बाजूनं बोलायचं तर ठिबकाचा एक खरा रस्ता आहे आणि तो पेपरानं दाखवलाच नाही. नळ्यांमुळं एकरी पाणी कमी लागतं. वाचलेलं पाणी विहिरीत राहिलं तर ठीक. पण आपण काय करतो? दोन एकरची केळी चार एकर करतो, मृगबागेला जोडून कांदेबागही लावतो. मग एकूण उपसा तेवढाच राहतो किंवा वाढतो. त्यात पाटाच्या पाण्यातलं जे थोडं मुरून परत खाली जायचं, तेही ठिबकात कमी होतं. म्हणजे दोष नळीचा नाही, वाढवलेल्या क्षेत्राचा आहे. हे तपासायचं असेल तर सातपुड्याच्या पायथ्याजवळची, सारख्या जमिनीची आणि सारख्या पावसाची दोन गावं घ्या. दोन्हीकडं ठिबक असावं, पण एकाची केळी वाढलेली आणि दुसऱ्याची तेवढीच. जिथं केळी वाढली तिथंच पाणी जास्त उतरलं असेल, तर वडिलांची भीती खरी, पण त्यावर उपाय नळ्या काढणं नाही, क्षेत्र धरून ठेवणं हा आहे. फक्त पायथ्याच्या गावाची तापीकाठच्या गावाशी तुलना करू नका. पायथ्याच्या मुरमाड-गोटाड पट्ट्यात पाणी झटकन मुरतं, नदीकाठच्या गाळात वेगळं चालतं.

फोटोवरून आकडे काढणार असाल तर कागद टेबलावर सपाट ठेवून बरोबर वरून नवा फोटो घ्या. तुमचा तिरका आलाय, उजवी पट्टी दबलीय, तिथं मीटरभराची चूक सहज होईल.

आणि आपल्या विहिरीची स्वतः नोंद ठेवा, दुसऱ्याच्या सरासरीवर राहू नका. मे च्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये, रात्रभर मोटर बंद ठेवून पहाटे मोजा. शेजाऱ्याची मोटर चालू असेल तर तीही बंद ठेवायला सांगा, नाहीतर आकडा खोटा येतो. टेपला वजन बांधून सोडा, कठड्याची उंची वजा करा, तारीख लिहा. सोबत त्या वर्षी केळीची किती खोडं होती तेही लिहून ठेवा, क्षेत्राचा प्रश्न पुढं त्यावरूनच सुटेल.