माझी बारा वर्षांची मुलगी सणाच्या मेळ्यात हस्तकलेचा स्टॉल लावणार आहे. किमती कशा ठरवाव्यात आणि सुरक्षिततेसाठी काय बघावं?

किंमत ठरवताना मुलीच्या वेळेचे पैसे धराच. हे मी ठासून सांगतोय, कारण यावरून माझं थोरल्या भावाशी चांगलंच वाजलं होतं आणि अजूनही विषय निघाला की दोघांचेही आवाज चढतात.

माझी लेक मॅक्रमेच्या कीचेन करते. तिच्या पहिल्या स्टॉलच्या वेळी दादा म्हणाला, "पोरीची हौस आहे, साहित्याचे पैसे निघाले की झालं. वीसला एक लाव." आता त्याच वीसचा हिशोब बघा.

दोरी, कडी, मणी आणि कागदी पिशवी मिळून एका कीचेनचं साहित्य १४ ला पडत होतं. दोरी कधी आखूड कापली जाते, कधी गाठ चुकते, म्हणून वाया जाणाऱ्या मालासकट १५ धरले. वेळ मोजायला मी तिला सलग दहा कीचेन करायला लावल्या. एकच करायला सांगितली तर मूल उत्साहात भरभर करतं आणि दोरी कापणं, टोकं चिकटवणं, पिशवीत भरणं हे मोजायचंच राहून जातं. दहांना तीन तास वीस मिनिटं लागली, म्हणजे एकीला वीस मिनिटं. तासाला ६० धरले तर एका कीचेनचे २० झाले.

राहिलं स्टॉलचं भाडं, ६००. इथे बहुतेक जण गंडतात, कारण ते भाडं बनवलेल्या सगळ्या वस्तूंवर वाटतात. विकल्या जातील तेवढ्यांवरच वाटायचं. आम्ही साठ नेणार होतो, पण खपतील चाळीस असं धरलं, म्हणून एकीवर १५ आले. एकूण पन्नास. दादाच्या वीसमध्ये वेळ सोडाच, साहित्य आणि भाड्याचे तीससुद्धा निघत नव्हते. साठच्या साठ विकल्या असत्या तरी भाड्यातले तीनशे खिशातूनच गेले असते, कारण भाडं भरून काढायला प्रत्येक कीचेनमागे फक्त पाच सुटत होते.

"लहान मुलांची कसली मजुरी?" हे त्याचं पुढचं वाक्य. वेळ धरल्यानेच तर तिला एक गोष्ट कळली. तिची आवडती घुबडाची कीचेन करायला पन्नास मिनिटं लागायची. हिशोबाने ती ८० ला गेली, तेव्हा तिने स्वतःच ठरवलं की घुबडं मोजकीच न्यायची आणि समोर टांगायची. लोक घुबडं बघून थांबले आणि पन्नासवाल्या घेऊन गेले. मेळ्यात दादाने एका ओळखीच्यांना एकीच्या किमतीत दोन दिल्या, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "काका, माझी वीस मिनिटं फुकट गेली." मला तिचा फार अभिमान वाटला.

घासाघीस होणारच, म्हणून सवलत आदल्या रात्री ठरवून ठेवा. आमची तीन घेतल्यास १३५ होती. शेवटच्या तासात भाडं जाऊन चुकलेलं असतं, तेव्हा साहित्य आणि वेळेच्या ३५ पर्यंत उतरायला हरकत नाही. त्याखाली नको, कीचेन काही नासत नाही. आणि किंमत सुट्ट्या पैशांना सोयीची ठेवा, मुलाचा गोंधळ होत नाही.

सुरक्षिततेचं म्हणाल तर स्टॉलवर एक मोठं माणूस कायम हवं आणि त्याला उठावं लागलं तर दुसरं. पण त्याने मागे बसावं, गिऱ्हाइकाशी मुलीला बोलू द्यावं. मोठी नोट आली की उरलेले पैसे देऊन होईपर्यंत ती टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवायला शिकवा. नोट आधी पेटीत गेली की "मी तर याहून मोठी दिली होती" असं म्हणणाऱ्याला लहान मूल उत्तर देऊ शकत नाही. ऑनलाइन पैसे आले की नाही ते तुमच्या फोनवर बघा, समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. लेबलवर मुलीचं पूर्ण नाव, शाळा किंवा नंबर नको. गप्पांच्या ओघात कुणी कुठे राहतेस विचारलं तर "बाबांना विचारा" एवढंच उत्तर पाठ करून घ्या.

वस्तूंचीही काळजी असते, तिकडे कुणी बघत नाही. मणी लावलेली कीचेन तीन वर्षांखालच्या बाळासाठी कुणी मागितली तर द्यायची नाही. मणी सुटला तर थेट घशात जातो. विकायच्या आधी प्रत्येक मणी ओढून बघा. ग्लू गन घरीच राहू दे, गर्दीत गरम टोक आणि लोंबणारी वायर दोन्ही नकोत.

हा सगळा हिशोब मात्र भाडं असलेल्या स्टॉलचा आहे. तुम्हाला जागा फुकट मिळत असेल तर भाड्याचा भाग वगळा, वेळेचा नाही. आणि नोंदणी मोठ्या माणसाच्या नावावर लागते का, हे आयोजकांना माल बनवायच्या आधीच विचारा.