फोटोतून होजिअरी ओळखताना

ताई, सांगलीच्या दुकानदाराने पाठवलेल्या फोटोतली कुर्ती होजिअरीची, म्हणजे टी-शर्टसारख्या फाशांनी विणलेल्या कापडाची, की मागावरच्या कापडाची हे ठरवताना ती किती झुळझुळीत पडलीय, यावर जाऊ नका. रेयॉन मागावरचं असूनही होजिअरीसारखंच पडतं, तिथेच नवी माणसं फसतात.

आधी कोपर आणि काख बघा. मागावरच्या कापडाला तिथे टोकदार चुण्या पडतात. होजिअरी ताणून अंगाला बसते, तिच्या घड्या गोलसर असतात. मग फोटो मोठा करा. उभे-आडवे धागे एकमेकांखालून-वरून जाताना दिसले तर मागावरचं. बारीक ‘व्ही’च्या उभ्या रांगा दिसल्या तर होजिअरी.

फोटो धूसर असेल तर कापलेल्या काठाचा मागवा. दशा सुटत असतील तर बहुधा मागावरचं, काठ आपोआप गुंडाळत असेल तर बहुधा सिंगल जर्सी, म्हणजे होजिअरीच. नुसता ताण मात्र पुरावा धरू नका, लायक्रा घातलेलं मागावरचं कापडही ताणतं.