तक्ता भरला, पण आढावा लिहिता येत नाही

"पीएचडीसाठी ३५ पेपर वाचून एक्सेलमध्ये लेखक, वर्ष, पद्धत, निष्कर्ष, उणिवा असा तक्ता केला. सगळा भरला, पण त्यावरून आढाव्याचं एक पानही लिहून होत नाहीये. कुठे चुकतंय?"

माझ्या मते घोळ 'निष्कर्ष' या एकाच रकान्यात आहे. गावात संडास बांधल्याने मुलांचं आरोग्य सुधारतं का, या विषयावर मीही असाच तक्ता केला होता. ओडिशा (२०१४) आणि मध्य प्रदेश (२०१४) यांच्यापुढे 'परिणाम नाही' आणि माली (२०१५) पुढे 'परिणाम आहे' असं लिहून मोकळा झालो. यावरून दोन ओळींपलीकडे काय लिहिणार?

मग तो रकाना मोडून तीन केले: शेवटी संडास किती घरांत होते, जुलाबांत फरक पडला का, उंचीत पडला का. पहिल्यात नेहमी दोन आकडे लिहायचे, योजना राबवलेल्या गावांचा आणि तुलनेच्या गावांचा. ओडिशात ते ६३ आणि १२ टक्के आले, मध्य प्रदेशात (सुधारित संडास) ४१ आणि २२, मालीत ६५ आणि ३५. 'संडासच कमी बांधले गेले, म्हणून परिणाम नाही' हे माझं आवडतं स्पष्टीकरण मध्य प्रदेशापुरतं चाललं असतं, पण सर्वांत मोठी तफावत ओडिशात असूनही तिथे काहीच हललं नव्हतं. म्हणून 'प्रत्यक्ष वापर' हा चौथा रकाना काढावा लागला, कारण ओडिशात बांधलेले कितीतरी संडास चालू स्थितीतच नव्हते. मालीचं 'परिणाम आहे' तर अर्धंच खरं निघालं: उंची वाढली होती, जुलाब तसेच होते.

नवा रकाना काढला की आधीचे पेपर पुन्हा उघडावे लागतात. हे कंटाळवाणं आहे, म्हणून आधी पाचच पेपर भरून बघा, रकाने स्थिरावले की मग बाकीचे घ्या. प्रत्येक आकड्यापुढे पान क्रमांकही टाका.

चौकट कोरी मात्र कधीच सोडू नका. 'मोजलं, फरक नाही', 'मोजलंच नाही' आणि 'मी अजून पाहिलं नाही' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि महिन्याभराने कोऱ्या चौकटीकडे बघून त्यातली कोणती हे आठवत नाही. मी एकदा 'मोजलंच नाही'ला 'फरक नाही' समजून मसुद्यात लिहिलं, गाईडनी ते पकडलं.

'उणिवा' हा रकाना मी काढूनच टाकला. त्यात लेखकांनी शेवटी लिहिलेलं 'आणखी संशोधन हवं' एवढंच उतरतं. त्याऐवजी तक्ता उभा वाचा. 'जुलाब कसे मोजले' या रकान्यात वरून खाली आलो तर तिन्ही ठिकाणी एकच उत्तर होतं: घरच्यांना विचारून. ही उणीव कुठल्याही एका ओळीत दिसली नसती. माझ्या आढाव्याचा पहिला परिच्छेद तिथूनच सुरू झाला.