डॅशबोर्डच्या स्क्रीनशॉटवरून कोर्स कधी संपेल हे कसं काढायचं?

प्रश्न: माझ्या ऑनलाइन कोर्सच्या डॅशबोर्डचा हा बुधवार, ५ मार्च २०२५ चा स्क्रीनशॉट. ८४ पैकी ३६ लेसन झालेत, ४३% दिसतंय. आठवड्यांच्या ग्राफमध्ये ९, ८, ७, ०, ६, ४ आणि चालू आठवड्यात २ आहेत. ॲक्सेस ३१ मेला संपतो. या वेगाने कोर्स कधी पूर्ण होईल?

उत्तर:

या वेगाने शेवटचा व्हिडिओ ४ जूनच्या आसपास संपेल आणि अंतिम प्रोजेक्ट धरला तर ११ जून उजाडेल. म्हणजे ॲक्सेस आधी संपतो. पण फरक थोडा आहे आणि तो आत्ताच भरून काढता येईल, म्हणून हिशेब नीट मांडून दाखवतो.

सगळ्यात आधी स्क्रीनशॉटवरचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. ग्राफमधल्या सगळ्या स्तंभांची बेरीज केली तर ९ + ८ + ७ + ० + ६ + ४ + २ = ३६ येते. "पूर्ण लेसन" म्हणून दिसणारा आकडाही ३६ आहे. याचा अर्थ तुमचा कोर्सचा पूर्ण प्रवास या एका ग्राफमध्ये आलेला आहे. बेरीज जास्त आली असती तर पुन्हा पाहिलेले लेसनही ग्राफमध्ये मोजले जात असण्याची शक्यता होती. कमी आली असती तर बहुधा जुने आठवडे ग्राफच्या डावीकडे कापले गेले असते. ही बेरीज न करता सरासरी काढायला घेतली, तर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं.

आता चालू आठवडा. तुमचा ग्राफ सोमवारपासून आठवडा धरतो आणि स्क्रीनशॉट बुधवारचा आहे, त्यामुळे शेवटचा २ चा स्तंभ अर्धवट आहे. तो पूर्ण आठवडा समजून सातने भागलं तर सरासरी ५.१ येते. त्याला वगळून सहा पूर्ण आठवडे घेतले तर ३४ ÷ ६ म्हणजे जवळजवळ ५.७. चालू आठवडा सरासरीत घ्यायचा नाही. त्यातले दोन लेसन "झालेले" मध्ये मोजले गेले आहेतच, तेवढं पुरेसं आहे.

राहिलेले लेसन ४८. ४८ ÷ ५.७ केलं तर साडेआठ आठवडे आणि तारीख येते ३ मे. बहुतेक जण इथे थांबतात आणि निर्धास्त होतात. तुमच्या बाबतीत ही तारीख जवळजवळ महिनाभर आधीची आहे. कारण त्याच स्क्रीनशॉटच्या उजव्या बाजूला, सेक्शनच्या यादीत आहे.

तिथे प्रत्येक सेक्शनसमोर लेसनची संख्या आणि एकूण वेळ दिलेली आहे. पहिल्या सेक्शनमध्ये १७ लेसन आणि १३० मिनिटं, दुसऱ्यात ७ लेसन आणि ७० मिनिटं, तिसऱ्यात १२ लेसन आणि १६० मिनिटं. हे तीन झाले. चौथ्यात २२ लेसन आणि ३२० मिनिटं, पाचव्यात २६ लेसन आणि ४०० मिनिटं. हे दोन राहिले. म्हणजे तुमचे झालेले लेसन सरासरी १० मिनिटांचे होते आणि राहिलेले सरासरी १५ मिनिटांचे आहेत. एकूण १०८० मिनिटांपैकी तुमची ३६० झाली आहेत, म्हणजे ३३%. डॅशबोर्ड ४३% दाखवतो, कारण तो लेसन मोजतो: ३६ ÷ ८४ × १०० केलं की ४२.९, म्हणजे ४३ येतात. कुठल्याही कोर्सचा टक्का कशावरून काढलाय हे ओळखायचं असेल तर हाच भागाकार करून पाहायचा. लेसनच्या संख्येने जुळला तर तो टक्का वेळेबद्दल काहीच सांगत नाही.

बऱ्याच कोर्सची रचना अशीच असते. सुरुवातीला ओळख, इन्स्टॉलेशन, छोट्या संकल्पना, असे पाच-सात मिनिटांचे तुकडे, आणि पुढे एकेक उदाहरण सलग सोडवून दाखवलेले लांब व्हिडिओ. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत डॅशबोर्ड भराभर पुढे सरकतो आणि नंतर अडखळल्यासारखा वाटतो.

आता तुमचा ग्राफ मिनिटांत वाचा. पहिल्या दोन आठवड्यांत पहिलं सेक्शन संपलं, म्हणजे दर आठवड्याला साधारण ६५ मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात ७०. चौथ्यात शून्य. पाचव्यात तिसऱ्या सेक्शनचे सहा लेसन, म्हणजे साधारण ८०. सहाव्यात चार, म्हणजे ५३. लेसनच्या ग्राफमध्ये ९ वरून ४ पर्यंत घसरण दिसते आणि आपण मागे पडलो असं वाटतं. प्रत्यक्षात तुम्ही बसता तेवढा वेळ जवळपास तोच राहिला आहे, फक्त लेसन लांब झाले आहेत. मला हे आवर्जून सांगावंसं वाटतं, कारण ही न झालेली घसरण बघूनच कित्येक जण अर्ध्यात कोर्स सोडतात.

"पण मी व्हिडिओ थांबवून नोट्स काढतो, सराव करतो, मग मिनिटं कशी धरायची?" असं मनात आलं असेल. इथे मिनिटं म्हणजे व्हिडिओची लांबी. तुम्ही प्रत्यक्ष किती वेळ बसलात हा प्रश्नच नाही. एका आठवड्यात व्हिडिओची किती लांबी मागे टाकता हे मोजलं की नोट्सचा आणि सरावाचा वेळ त्या वेगात आपोआप मुरलेला असतो. पुढच्या सेक्शनमध्ये दर व्हिडिओमागे सराव खूप वाढला तरच हा हिशेब कोलमडतो, म्हणून चौथ्या सेक्शनमध्ये किती असाइनमेंट आहेत ते एकदा उघडून पाहा.

सहा आठवड्यांची बेरीज ३३३ मिनिटं. सहाने भागलं की आठवड्याला साडेपंचावन्न. राहिलेली ७२० मिनिटं त्या वेगाने तेरा आठवडे घेतात. ५ मार्चपासून तेरा आठवडे म्हणजे ४ जून.

शून्याचा आठवडा मी मुद्दाम ठेवला आहे. "त्या आठवड्यात पाहुणे होते" किंवा "तब्येत बरी नव्हती, तो धरू नका" असं प्रत्येक जण सांगतो. तो काढला तर सरासरी ६७ च्या जवळ जाते आणि तारीख २० मे येते. पण सहा आठवड्यांत एक आठवडा बुडाला, तर पुढच्या बारा-तेरा आठवड्यांत एकही बुडणार नाही असं धरायला काही आधार नाही. कारण वेगळं असेल, बुडणं तसंच असेल. म्हणून २० मे ही सगळं सुरळीत गेलं तरची तारीख समजा. उलट बाजूने, फक्त शेवटचे तीन आठवडे घेतले (०, ८०, ५३) तर आठवड्याला ४४ मिनिटं पडतात आणि तारीख २७ जूनपर्यंत जाते. इतक्या थोड्या आठवड्यांवरून एकच नेमकी तारीख सांगणं खरं तर बरोबर नाही. २० मे ते २७ जून हा पट्टा आणि त्यात ४ जूनला सगळ्यात जास्त वजन, असं उत्तर प्रामाणिक आहे.

आता ३१ मेचं पाहू. यादीच्या तळाशी अंतिम प्रोजेक्ट आहे. तो ८४ मध्ये एक लेसन म्हणून मोजलाय, पण त्याच्यासमोर वेळच लिहिलेली नाही, त्यामुळे तो ७२० मिनिटांत नाही. त्याला किमान एक आठवडा राखून ठेवा. प्रोजेक्ट दुसऱ्या कुणी तपासल्यावरच सर्टिफिकेट मिळणार असेल, तर तपासणीला किती दिवस लागतात हेही आत्ताच विचारून घ्या, कारण ते दिवस तुमच्या हातात नसतात. एक आठवडा धरला तर व्हिडिओ २४ मेपर्यंत संपायला हवेत. ५ मार्चपासून ते साडेअकरा आठवड्यांपेक्षा थोडं कमी होतं.

एकही आठवडा बुडाला नाही तर आठवड्याला ६३ मिनिटं लागतील. ज्या आठवड्यांत तुम्ही बसता त्यांची सरासरी ६७ आहे, म्हणजे हे तुम्ही आजही करता. एक आठवडा बुडाला तर उरलेल्यांत ६९ लागतील, तेही झेपण्यासारखं आहे. दोन बुडाले तर प्रत्येक आठवड्याला ७६, आणि तेवढं तुम्ही आतापर्यंत एकदाच गाठलं आहे. म्हणजे वेग वाढवायची गरज जवळजवळ नाही. फक्त मेअखेरपर्यंत एकापेक्षा जास्त आठवडा कोरा जाऊ द्यायचा नाही. कामाचा ताण असलेल्या आठवड्यातही दोन लेसन झाले तरी तीसेक मिनिटं पदरात पडतात, आणि शून्यापेक्षा तेवढ्यानेही तारीख बरीच आवरते.

चार आठवड्यांनी, म्हणजे बुधवार, २ एप्रिलला, पुन्हा एक स्क्रीनशॉट घ्या. चौथ्या सेक्शनचे लेसन सरासरी साडेचौदा मिनिटांचे आहेत, त्यामुळे ६३ च्या वेगाने तोवर आणखी १७ लेसन व्हायला हवेत. डॅशबोर्डवर ५३ लेसन आणि ६३% दिसले तर तुम्ही वेळेत आहात. ५० च्या आसपास असाल तर पुढच्या आठवड्यांत थोडं जास्त बसावं लागेल. आकडा ४६ किंवा त्याखाली असेल तर उरलेल्या प्रत्येक आठवड्याला ७७ मिनिटं लागतील, तीही एकही खाडा न करता. तसं झालं तर मेची वाट पाहू नका, त्याच दिवशी ॲक्सेस वाढवून मिळतो का ते विचारा.