मामांच्या उशाशी ठेवायचं कडवं

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

मामांसाठी लिहिलेल्या तुझ्या ओळी वाचल्या. ‘देव तुला बरं करील, चार दिवसांत घरी नेईल.’ माया पुरेपूर आहे, पण डॉक्टरांनी अजून काहीच ठाम सांगितलेलं नाही. पाचव्या दिवशीही मामा त्याच खाटेवर असले, तर या ओळी त्यांना टोचतील. देवाने आपलं ऐकलं नाही, की आपलीच श्रद्धा कमी पडली, असं त्यांच्या मनात येईल. पुढची ‘धीराने लढ’ ही ओळही काढ. आजार बळावला तर त्यांना आपणच हरलो असं वाटेल.

खरी अडचण क्रियापदात आहे. ‘करील’, ‘नेईल’ म्हटलं की वचन होतं आणि ते पाळणं आपल्या हाती नाही. ‘लागो’, ‘राहो’ म्हटलं की मागणं होतं. मराठीने ही सोय एका ओकारात करून ठेवली आहे. मागणंही आज रात्री पुरं होऊ शकेल इतकंच ठेव: झोप, कळ कमी होणं, सोबत. आजार कुठेही जावो, एवढं मिळू शकतं, म्हणून ती आशा खोटी ठरत नाही.

छंद अभंगाचा घे. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. मी असं करून पाहिलं:

रात्र ही लांबली
दुखणे जागते
मन हे मागते
तुझा हात

कळ थोडी निवो
डोळा लागो जरा
श्वासाला आसरा
तुझा राहो

बोलणारे मामाच आहेत, हे बघ. तुझ्या ओळींत त्यांना नुसतं ऐकून घ्यावं लागत होतं. दुखणं आहे हे पहिल्याच कडव्यात कबूल केलंय. ते लपवलं की पुढचं काहीच खरं वाटत नाही. ‘थोडी’ आणि ‘जरा’ हे शब्द अक्षरभरतीचे नाहीत, त्यांना हात लावू नकोस. मी आधी ‘कळ सारी निवो’ लिहिलं होतं. अक्षरं तेवढीच, पण पुन्हा ते न झेपणारं मागणं झालं.

वाचताना प्रत्येक चरणानंतर थांब, त्यांचा श्वास होऊ दे. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असेल तर तीन चरण तू म्हण. चौथा चार अक्षरांचा आहे, तेवढा त्यांना एका श्वासात म्हणता येईल. म्हणता आलं नाही तरी चालेल, ओठ हलले तरी पुरे.

देवाचं नाव मी मुद्दाम घातलेलं नाही. ‘तुझा’ म्हणताना कोण आठवावं हे मामांचं त्यांना ठरवू दे. कदाचित मामींचाच हात आठवेल. आणि वाचण्याआधी त्यांना विचार, ‘मामा, म्हणू का?’ मान हलली नाही तर कागद घडी करून ठेव आणि नुसता बसून राहा.

कागदावर अक्षर मोठं काढ, चष्म्याशिवाय दिसेल असं.